अंतिम परीक्षेत किती हवेत? सगळ्या श्रेणींचं उत्तर एकाच तक्त्यात

सत्र संपत आलं की प्रत्येकाच्या डोक्यात एकच हिशेब सुरू होतो: ‘ब’ मिळवायला अंतिम परीक्षेत किती गुण हवेत? हा हिशेब मी बरीच वर्षं वहीच्या मागच्या पानावर करायचो. एक श्रेणी धरायची, एक उत्तर काढायचं. मग प्रकल्पाचे गुण अपेक्षेपेक्षा कमी आले की सगळं पुन्हा. त्या एकेका उत्तरावरून मला खरी परिस्थिती कधी दिसलीच नाही. ‘ब’साठी ८६ हवेत हे कळायचं, पण ‘क’ किती सुरक्षित आहे, ‘अ’चं दार खरंच बंद झालंय का, आणि प्रकल्पात दहा गुण जास्त मिळाले तर काय बदलतं, हे कळायचं नाही.

हे सगळं एका नजरेत दाखवतो तो सेन्सिटिव्हिटी टेबल. आडव्या ओळीत वेगवेगळ्या श्रेणी, उभ्या रकान्यात अजून न कळलेल्या घटकाचे संभाव्य गुण, आणि प्रत्येक चौकटीत अंतिम परीक्षेत लागणारे गुण. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये तो अर्ध्या तासात होतो. पण त्यात तीन-चार जागा अशा आहेत की तिथे चूक झाली तरी आकडे अगदी खरे वाटतात. त्या जागांवर मी जरा जास्त थांबणार आहे.

## सुरुवातीला जवळ काय हवं

- विषयाची लेखी मूल्यमापन योजना. कोणत्या घटकाला किती भारांश, कोणत्या श्रेणीला किती कटऑफ आणि पूर्णांकन होतं की नाही, हे तिच्यातून घ्या. ऐकीव माहितीवर जाऊ नका.
- आतापर्यंत मिळालेले गुण, ते कितीपैकी आहेत यासकट.
- एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्क. पुढची सूत्रं तिन्हींत चालतात. तुमच्या शीटने सूत्रातला स्वल्पविराम नाकारला तर त्या जागी अर्धविराम टाका. काही प्रादेशिक सेटिंगमध्ये तोच लागतो.

एक गोष्ट मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी. या लेखात आकडे देवनागरीत आहेत, पण शीटमध्ये ते 80, 67 असेच टाका. देवनागरी अंक शीट आकडा म्हणून घेईलच असं नाही. ते शब्द समजले गेले तर बेरजेतून गळतात. ओळखायची खूण सोपी आहे: तुम्ही स्वतः अलाइनमेंट बदललेली नसेल तर आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे.

## १. घटकांची यादी मांडा

उदाहरण म्हणून असा विषय घेऊ: गृहपाठ १५ टक्के, मध्यसत्र परीक्षा २५ टक्के, प्रकल्प २० टक्के, अंतिम परीक्षा ४० टक्के. गृहपाठात ५० पैकी ४४ मिळालेत, मध्यसत्रात १०० पैकी ६७. प्रकल्प देऊन झालाय, पण गुण आलेले नाहीत. अंतिम परीक्षा १०० गुणांची आहे.

पहिल्या ओळीत शीर्षकं लिहा: घटक, भारांश, मिळाले, पैकी, शेकडा. हे रकाने अनुक्रमे A ते E. ओळ २ मध्ये गृहपाठ, ३ मध्ये मध्यसत्र, ४ मध्ये प्रकल्प, ५ मध्ये अंतिम. भारांश B रकान्यात 15%, 25%, 20%, 40% असे टक्क्याच्या चिन्हासह टाका. E2 मध्ये हे लिहा आणि खाली E3 पर्यंत ओढा:

```
=C2/D2*100
```

गृहपाठ ८८ होतो, मध्यसत्र ६७ राहतं. प्रकल्प आणि अंतिम यांचे गुणांचे सेल रिकामे ठेवा. B6 मध्ये भारांशांची बेरीज घ्या:

```
=SUM(B2:B5)
```

इथे १००% दिसलंच पाहिजे. ९५% किंवा १०५% आलं तर पुढे जाऊ नका. एखादा घटक सुटलाय किंवा दोनदा आलाय. हजेरीचे पाच टक्के विसरणं सगळ्यात जास्त घडतं.

टक्क्याचं चिन्ह का, तर 40% असं लिहिलं की शीट मनात ०.४ धरते आणि आपलं सूत्र त्याच अपेक्षेने चालतं. कोणी नुसतं 40 लिहितं. मग हातातले गुण हजारांत जातात आणि चौथ्या पायरीच्या तक्त्यात मोठमोठे ऋण आकडे उमटतात, पाचव्या पायरीनंतर तर सगळीकडे ०. तसं दिसलं तर आधी B रकाना बघा.

## २. हातात पक्के किती आहेत ते काढा

B8 मध्ये, ज्यांचे गुण कळलेत फक्त त्याच घटकांचा भारांशासह हिशेब करायचा:

```
=SUMPRODUCT(B2:B3,E2:E3)
```

गृहपाठाचे १३.२ आणि मध्यसत्राचे १६.७५, मिळून २९.९५. विषयाच्या एकूण १०० पैकी एवढे गुण तुमच्या खिशात आहेत आणि ते आता कोणी काढून घेऊ शकत नाही.

नवखे लोक हमखास अडकतात ते इथेच. ऑनलाइन गुणपत्रकात ‘सध्याची टक्केवारी’ म्हणून एक आकडा दिसतो, आणि तो उचलून हिशेब केला जातो. आपल्या उदाहरणात तो ७४.८७५ दिसेल, कारण २९.९५ ला आतापर्यंतच्या ४० टक्के भारांशाने भागलं की तेवढंच येतं. मग लोक म्हणतात, अंतिम सोडून उरलेल्या ६० टक्क्यांवर माझे ७४.८७५ आहेत, म्हणजे ‘ब’साठी अंतिममध्ये ८८ हवेत. या हिशेबात न सांगता एक गृहीतक शिरलंय: प्रकल्पातही ७४.८७५ मिळणार. तसं होईलही, पण ते कोणी ठरवलेलं नाही. काही गुणपत्रकं उलट करतात, न आलेल्या प्रकल्पाला शून्य धरतात आणि टक्केवारी एकदम कोसळलेली दिसते. दोन्ही आकडे बाजूला ठेवा. न कळलेली गोष्ट न कळलेलीच ठेवायची आणि तिच्या सगळ्या शक्यता तक्त्यात मांडायच्या, यासाठीच हा खटाटोप आहे.

## ३. तक्त्याचा सांगाडा

B9 मध्ये सध्या 0 टाका. त्याचं काम पाचव्या पायरीत येईल. B10 ते E10 मध्ये श्रेणींची नावं लिहा: अ, ब, क, ड. त्यांच्याखाली B11 ते E11 मध्ये कटऑफ: 90, 80, 70, 60. डावीकडे A12 ते A17 मध्ये प्रकल्पाचे संभाव्य गुण: 50, 60, 70, 80, 90, 100.

डावीकडे काय ठेवायचं हा प्रश्न पुढे तुम्हालाच पडेल, म्हणून आत्ताच सांगतो. अंतिम परीक्षा सोडून जो घटक अजून कळलेला नाही आणि ज्याचा भारांश सगळ्यात मोठा आहे, तो घ्या. असे दोन घटक बाकी असतील तर मोठा डावीकडे घ्या आणि लहान घटकाचे शेकडा गुण अंदाजाने एका वेगळ्या सेलमध्ये ठेवून, त्याच्या भारांशाने गुणून B8 मध्ये मिळवा. त्या सेलला वेगळा रंग द्या, म्हणजे ते गुण खरे नसून धरलेले आहेत हे विसरलं जाणार नाही. काहीच बाकी नसेल, फक्त अंतिम परीक्षा उरली असेल, तर तक्त्याची एकच ओळ पुरते.

## ४. एकच सूत्र, आणि डॉलरची चिन्हं

B12 मध्ये हे लिहा:

```
=(B$11-$B$8-$B$4*$A12)/$B$5
```

वाचायला सोपं आहे. कटऑफमधून हातातले गुण वजा करा, प्रकल्पातून येणारे गुण वजा करा, जी तूट उरते ती अंतिम परीक्षेच्या भारांशाने भागा. B12 मध्ये १२५.१२५ यायला हवं. आता तो सेल उजवीकडे E12 पर्यंत आणि मग सगळी ओळ खाली १७ पर्यंत ओढा.

डॉलरचं चिन्ह म्हणजे कुलूप. ज्या अक्षराच्या किंवा अंकाच्या आधी ते असतं, तो भाग सूत्र ओढताना जागचा हलत नाही. B$11 मध्ये ओळ बांधलेली आहे, कारण कटऑफ कायम ११व्या ओळीतच आहेत. रकाना मोकळा आहे, कारण उजवीकडे गेल्यावर पुढची श्रेणी हवी. $A12 मध्ये नेमकं उलट. बाकीचे तिन्ही सेल दोन्हीकडून बांधलेले. सूत्रात सेलच्या नावावर कर्सर ठेवून F4 दाबत राहिलात की कुलपाची जागा बदलत जाते.

चूक कुठे झाली हे आकड्यांवरून ओळखता येतं, फक्त दोन्ही चुका सारख्या सहज दिसत नाहीत. B$11 ऐवजी B11 लिहिलंत तर खालच्या ओळीचं सूत्र वरच्या ओळीतल्या उत्तरालाच कटऑफ समजतं, आणि B13 मध्ये १२०.१२५ ऐवजी २०७.९३७५ येतं. हे लगेच डोळ्यात भरतं. पण $A12 ऐवजी A12 लिहिलंत तर उजवीकडच्या C12 मध्ये १००.१२५ ऐवजी ६२.५६२५ येतं. बासष्ट हा आकडा बघून कोणालाही शंका येणार नाही. उलट ‘ब’ सोपी आहे असं वाटून माणूस निश्चिंत होतो. खरं तर त्या ओळीत ‘ब’ मिळणंच शक्य नाही.

म्हणून ओढून झाल्यावर ही तपासणी कराच. कोणत्याही ओळीत शेजारच्या दोन चौकटींमधला फरक सगळीकडे सारखा हवा, आणि कोणत्याही रकान्यात वरखालचा फरकही सारखा हवा. आपल्या उदाहरणात आडवा फरक २५ आहे, कारण कटऑफमधले १० गुण ०.४ ने भागले की २५ होतात. उभा फरक ५ आहे, कारण प्रकल्पाचे १० गुण म्हणजे एकूणातले २, आणि ते २ अंतिम परीक्षेतून भरून काढायला ५ लागतात. कटऑफ समान अंतरावर नसतील, समजा ८५ आणि ७०, तर आडवा फरक त्या प्रमाणात बदलेल. उभा मात्र बदलणार नाही. उभा फरक कुठे वेगळा दिसला तर डॉलर तपासा.

एक्सेलमध्ये What-If Analysis खाली Data Table नावाची तयार सोय आहे, लिबरऑफिसमध्ये Multiple Operations आहे. मोठ्या आर्थिक गणितांना ती उपयोगी पडते. इथे मात्र साधं सूत्रच बरं असं माझं मत आहे. सूत्र प्रत्येक सेलमध्ये उघडं दिसतं, तिन्ही शीटमध्ये चालतं, आणि मित्राला फाइल पाठवली तरी मोडत नाही. एक्सेलचा Goal Seek तर एका वेळी एकच उत्तर देतो, म्हणजे पुन्हा वहीचं मागचं पान.

## ५. पूर्णांक करताना वर जा

आता आकडे १२५.१२५, ८५.१२५ असे दिसत असतील. बघायला नको वाटतात म्हणून बहुतेक जण दशांश कमी करायचं बटण दाबतात. मीही दाबलं होतं. तक्त्यात ‘ब’साठी ८५ दिसले, मी ८५ चं लक्ष्य ठेवलं, ८५ मिळाले, आणि एकूण झाले ७९.९५. त्या विषयात पूर्णांकन नव्हतं. श्रेणी ‘क’ लागली.

त्या बटणाने सेलमधला आकडा बदलत नाही, फक्त दिसणं बदलतं, आणि ते दिसणं जवळच्या पूर्णांकाकडे जातं. ८५.१२५ चा जवळचा पूर्णांक ८५ आहे, पण ८५ गुणांनी तूट भरत नाही. आपल्याला नेहमी वरचा पूर्णांक हवा. याहून वाईट म्हणजे १००.१२५ तिथे १०० दिसतं. शंभरपैकी शंभर, अवघड आहे पण जमेल, असं वाटतं. प्रत्यक्षात ते अशक्य आहे.

म्हणून सूत्र असं करा, आणि पुन्हा सगळीकडे ओढा:

```
=MAX($B$9,ROUNDUP(ROUND((B$11-$B$8-$B$4*$A12)/$B$5,6),0))
```

ROUNDUP वरच्या पूर्णांकाकडे नेतं. आतलं ROUND सहा दशांशांपर्यंत आधी साफ करतं. संगणकाच्या अपूर्णांकांच्या हिशेबात कधीकधी नेमक्या ८५ ला अतिसूक्ष्म शेपूट चिकटतं, आणि नुसतं ROUNDUP त्या शेपटामुळे ८६ करून बसेल. बाहेरच्या MAX ची दोन कामं आहेत. उत्तर ऋण आलं, म्हणजे ती श्रेणी अंतिममध्ये शून्य मिळालं तरी हातात आहे, तर तिथे ० दिसतो. आणि दुसरं, अनेक विषयांत ‘अंतिम परीक्षेत किमान ४० हवेतच’ अशी स्वतंत्र अट असते. तशी असेल तर B9 मध्ये 40 टाका. तक्त्यातला प्रत्येक लहान आकडा ४० होईल. ही अट विसरली तर तक्ता ‘ड’साठी २६ पुरतील असं सांगत राहतो, आणि २६ वर माणूस नापास होतो.

B9 शून्य ठेवून आपला तक्ता असा दिसतो:

| प्रकल्प | अ (९०) | ब (८०) | क (७०) | ड (६०) |
|---|---|---|---|---|
| ५० | १२६ | १०१ | ७६ | ५१ |
| ६० | १२१ | ९६ | ७१ | ४६ |
| ७० | ११६ | ९१ | ६६ | ४१ |
| ८० | १११ | ८६ | ६१ | ३६ |
| ९० | १०६ | ८१ | ५६ | ३१ |
| १०० | १०१ | ७६ | ५१ | २६ |

अंतिम परीक्षा १०० ऐवजी दुसऱ्या कितीपैकी असेल, समजा ६०, तर तो आकडा D5 मध्ये टाका आणि आतल्या ROUND मध्ये $B$5 ने भागल्यावर *$D$5/100 जोडा. पूर्णांक शेवटीच होऊ द्या. प्रकल्प ८० च्या ओळीत ‘ब’साठी ८५.१२५ टक्के म्हणजे ६० पैकी ५१.०७५, अर्थात ५२ लागतील.

## ६. दोन आकडे उलटे घालून बघा

तक्त्यावर विश्वास ठेवण्याआधी एखादी चौकट निवडा आणि तो आकडा व त्याहून एकने कमी आकडा, दोन्ही मूळ हिशेबात घाला. प्रकल्प ८०, श्रेणी ‘ब’, उत्तर ८६. अंतिममध्ये ८६ मिळाले तर २९.९५ + १६ + ३४.४ = ८०.३५, कटऑफ पार. ८५ मिळाले तर २९.९५ + १६ + ३४ = ७९.९५, कटऑफच्या खाली. एक आकडा पार होतो आणि त्याच्या आधीचा होत नाही, म्हणजे चौकट बरोबर आहे. फक्त मोठा आकडा तपासला तर गरजेपेक्षा मोठं उत्तर आलेलं पकडता येत नाही. ही तपासणी कागदावर करा. त्याच शीटमध्ये केली तर चुकीच्या सेलचीच चूक दुसऱ्यांदा वापरली जाते.

## ७. रंग द्या, पण आकडे पुसू नका

सशर्त फॉरमॅटिंग वापरून १०० च्या वरच्या चौकटी लाल करा. अंतिम परीक्षा वेगळ्या गुणांची असेल तर १०० च्या जागी तो आकडा. तुम्ही अशा परीक्षांत साधारण जेवढे मिळवता तेवढ्यापर्यंतच्या चौकटी हिरव्या करा, मधल्या पिवळ्या. हिरव्याची सीमा स्वतःच्या मागच्या गुणांवरून ठरवा. आपल्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याला मध्यसत्रात ६७ मिळालेत, तर हिरवं ७० च्या आसपास संपायला हवं.

अनेक जण लाल चौकटींत आकड्याऐवजी ‘अशक्य’ असा शब्द आणतात. तसं करू नका असं मी आग्रहाने सांगेन. १०१ आणि १२६ दोन्ही आज अशक्य आहेत, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १२६ पुढच्या नियमांनीही शंभराच्या आत येत नाही. १०१ वर एखादा नियम काय म्हणतो याने सगळं बदलू शकतं, आणि पुढची पायरी त्याचीच आहे.

## ८. नियम बदलला की तक्ता बदला

तक्त्याचा खालचा डावा कोपरा बघू. प्रकल्पात पूर्ण १०० मिळाले तरी ‘अ’साठी १०१ हवेत. अंतिममध्येही पूर्ण १०० मिळाले तर एकूण होतात ८९.९५. अवघ्या ०.०५ ने श्रेणी जाते. म्हणून पूर्णांकनाचा नियम लेखी बघा. ८९.५ पासून पुढे ९० धरतात असं योजनेत स्पष्ट असेल तर B11 मध्ये 90 ऐवजी 89.5 टाका. उत्तर १०१ वरून ९९ वर येतं. नियम लिहिलेला नसेल तर शिक्षकांना लवकरात लवकर विचारा आणि तोपर्यंत 90 च ठेवा. निकालाच्या आदल्या दिवशी विचारलेला हा प्रश्न विनवणीसारखा वाटतो, तोच महिनाभर आधी साधी चौकशी असते.

दुसरा नियम जास्त मोठा आहे आणि अनेकांच्या नजरेतून सुटतो. काही विषयांत अंतिमचे गुण मध्यसत्रापेक्षा जास्त असतील तर ते मध्यसत्राच्या जागी धरले जातात. मग अंतिमचा भारांश प्रत्यक्षात ४० नव्हे, ६५ टक्के होतो, आणि मध्यसत्राचे गुण हातातल्या गुणांतून बाहेर पडतात. प्रकल्प १००, श्रेणी ‘अ’: ९० वजा गृहपाठाचे १३.२ वजा प्रकल्पाचे २०, उरतात ५६.८. त्यांना ०.६५ ने भागलं की ८७.३८, म्हणजे ८८ पुरतात. जिथे १०१ लिहिलं होतं तिथे ८८. दोन्ही वाटांनी उत्तर काढा आणि जे लहान असेल ते घ्या, कारण विषयात दोन्हींपैकी फायद्याची वाट धरली जाते. सूत्रात हे असं येतं:

```
=MIN((B$11-$B$8-$B$4*$A12)/$B$5,(B$11-$B$2*$E$2-$B$4*$A12)/($B$5+$B$3))
```

पाचव्या पायरीतल्या सूत्रात ROUND च्या कंसातला स्वल्पविरामाआधीचा सगळा भाग काढून त्या जागी हा MIN सुरुवातीचं = वगळून ठेवा. असं केल्यावर चौथ्या पायरीतली समान फरकांची तपासणी मात्र सगळीकडे लागू पडणार नाही, कारण काही चौकटी एका वाटेने येतील आणि काही दुसऱ्या. तिथे सहाव्या पायरीचीच तपासणी करा.

सगळ्यात कमी गुणांची चाचणी वगळली जात असेल तर ती E रकान्यातली टक्केवारी काढतानाच वगळा. तक्त्याच्या सूत्राला त्यासाठी हात लावायची गरज नाही.

## ९. आता तक्ता वाचा

नेहमीच्या नियमांवरचा वरचा तक्ताच घेऊ. ‘ब’च्या रकान्यात वरून खाली या. प्रकल्प ५० ला १०१, म्हणजे दार बंद. नेमकी सीमा हवी असेल तर अंतिममध्ये पूर्ण १०० धरून उलटा हिशेब करा: ८० मधून २९.९५ आणि ४० वजा केले की १०.०५ उरतात, त्यांना ०.२ ने भागलं की ५०.२५. प्रकल्पात त्याहून कमी आले तर ‘ब’चा विषयच संपतो. ८० ला ८६, १०० ला ७६. मध्यसत्रात ६७ मिळवणाऱ्यासाठी ७६ कष्टाचे आहेत पण आवाक्यात आहेत, ९६ नाहीत.

मग ‘क’ बघा. प्रकल्प ७० आला तर ६६ हवेत, म्हणजे मध्यसत्रासारखीच परीक्षा गेली तरी ‘क’ मिळते. प्रकल्प ५० वर घसरला तर ७६ लागतात, आणि ‘क’ही निसटू शकते. आता प्रश्न ‘ब’ मिळेल का एवढाच राहत नाही. प्रकल्पाचा दुरुस्त मसुदा पुन्हा द्यायची मुभा असेल तर ती घ्यायची का, हा खरा प्रश्न होतो. त्या दुरुस्तीने प्रकल्पात दहा गुण वाढतील असं वाटत असेल तर त्यांची किंमत अंतिममधले ५ गुण आहे. दोन संध्याकाळ दुरुस्तीला द्यायच्या की त्याच दोन संध्याकाळी अंतिममध्ये पाचांहून जास्त गुण वाढवू शकतात, हे तुम्हाला तुमच्या विषयावरून सांगता येईल.

प्रकल्पाचे गुण आले की ते C4 आणि D4 मध्ये टाका, E3 मधलं सूत्र E4 पर्यंत ओढा, आणि तक्त्याची पहिली ओळ खरी करा: A12 मध्ये 50 ऐवजी =E4 लिहा. बाकीच्या पाच ओळी खोडून टाका. B8 च्या सूत्रात प्रकल्प मिळवू नका, नाहीतर तो दोनदा मोजला जाईल आणि प्रत्येक श्रेणी आहे त्याहून सोपी दिसेल. उरलेल्या एका ओळीतले चार आकडे अभ्यासाच्या टेबलासमोर लिहून ठेवा.